‘अटी वाचूच नका’ म्हणणाऱ्यांना

ग्राहक मेळाव्यांत हल्ली एक सल्ला छातीठोकपणे दिला जातो. बियाणं फसलं, पार्सल हरवलं, ऑनलाइन मागवलेला माल निकृष्ट निघाला, की कंपनीच्या अटी-शर्ती वाचत बसू नका. त्या बारीक अक्षरातल्या मजकुराला कायद्यात किंमत नाही, ग्राहक आयोग तो केराच्या टोपलीत टाकतो. तुम्ही सरळ लिहा: आमची फसवणूक झाली, हा करार अन्यायकारक आहे, तो रद्द करा आणि पाच लाख द्या. जालन्यात हा सल्ला जास्तच खपतो, कारण बियाण्याच्या धंद्याशी या जिल्ह्याचा दोन्ही बाजूंनी संबंध आहे. इथे कंपन्या बियाणं तयार करून देशभर विकतात, आणि इथलाच शेतकरी ते विकत घेऊन पेरतो. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून मराठवाडाभर तक्रारी झाल्या आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. तेव्हापासून तक्रार-अर्जाचे तयार नमुने मोबाइलवरून फिरत असतात. बहुतेकांत वरची तीन वाक्यं जशीच्या तशी सापडतात.

मी वकिली करतो, आणि हा सल्ला नुकसानीचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. ‘अटी टिकत नाहीत’ हे अर्धसत्य आहे. काही अटी टिकतात, काही टिकत नाहीत. कोणती टिकेल हे बऱ्याच वेळा आपण तक्रार कशी लिहिली यावर ठरतं. आणि त्या नमुन्यातली तिन्ही वाक्यं आपल्यावरच उलटू शकतात.

एक उदाहरण धरून चालू. समजा, भोकरदन तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं मोबाइल अ‍ॅपवरून संकरित मिरचीचं बियाणं मागवलं. सोळा पाकिटं, सहाशे रुपयांचं एक, म्हणजे 9,600 रुपये. दोन एकरांवर मल्चिंग अंथरलं, ठिबक होतंच, रोपं लावली. पहिल्या तोडणीच्या सुमारास लक्षात आलं की शेकडा तीसेक झाडांना आखूड, जाड, बाजारात कुणी न विचारणारी मिरची लागली आहे. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती आली, सरीसरीतली झाडं मोजली, तीस टक्के भेसळ असा पंचनामा झाला. इथपर्यंत सगळं शेतकऱ्याच्या बाजूनं आहे.

आता कागद पाहू. कागद एक नाही, दोन आहेत, आणि इथेच बरेच जण चुकतात. पहिला म्हणजे पाकिटावरचा मजकूर, तो बियाणं तयार करणाऱ्या कंपनीचा. त्यात सहसा एक वाक्य असतं: कोणत्याही कारणानं नुकसान झाल्यास कंपनीची जबाबदारी बियाण्याच्या किमतीपुरती राहील. दुसरा अ‍ॅपच्या सेवाशर्तींचा, तो अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीचा. त्यात आम्ही फक्त विक्रेता आणि ग्राहक यांची गाठ घालून देतो असं असतं. आमचं दायित्व तुम्ही भरलेल्या रकमेपेक्षा जास्त नसेल, नफ्याचं वा परिणामस्वरूप नुकसान आम्ही भरून देणार नाही, माल मिळाल्यापासून सात दिवसांत तक्रार करा, वाद झाल्यास कंपनी नेमेल तो एकमेव लवाद आणि लवादाचं ठिकाण बेंगळुरू, हे सगळं ओळीनं येतं. बिलावर विक्रेता म्हणून आणखी तिसऱ्याच दुकानाचं नाव असतं. पाकीट आणि बिल समोर ठेवून वाचल्याशिवाय नोटीस कुणाला पाठवायची हेसुद्धा ठरत नाही. नमुना-अर्ज वापरणारे बहुतेक जण फक्त अ‍ॅपवर दावा लावतात, कारण पैसे तिकडे गेले. मग अ‍ॅप म्हणतं, भेसळ आम्ही केली नाही. ज्यानं बियाणं बनवलं तो प्रतिवादीच नसतो.

मूळ प्रश्न जबाबदारीच्या मर्यादेचा. ‘टोपलीत टाकतात’ म्हणणाऱ्यांनी भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल हा 1996 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जरूर पाहावा. 1990 मध्ये जर्मनीला पाठवलेलं कागदपत्रांचं पाकीट पोचलं नाही, हंगाम हातचा गेला. राज्य आयोगानं सव्वाचार लाखांहून जास्त भरपाई दिली. राष्ट्रीय आयोगानं ती शंभर डॉलरवर आणली, कारण कुरिअरच्या पावतीवर तशी अट होती आणि पाठवणाऱ्यानं त्या पावतीवर सही केली होती. सर्वोच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं. अटीला किंमत नसती तर हे घडलंच नसतं.

याच्या उलट टोकाला दुसरं उदाहरण ठेवतो. ते बियाण्याचंच आहे, मात्र इंग्लंडमधलं. एका शेतकऱ्यानं 1973 च्या शेवटी सुमारे दोनशे पौंडांचं कोबीचं बी घेतलं, साठाहून जास्त एकरांवर लावलं, आणि गड्डे धरलेच नाहीत. नुकसान एकसष्ट हजार पौंडांच्या वर. विक्रेत्याची अट तीच, जबाबदारी बियाण्याच्या किमतीपुरती. खालच्या पातळीवर दोन न्यायाधीशांनी असा अर्थ लावला की दिलेलं बी कोबीचं म्हणण्याजोगंच नव्हतं, त्यामुळे अट लागू होत नाही. हाउस ऑफ लॉर्ड्सनं 1983 मध्ये हा युक्तिवाद फेटाळला आणि अट सरळ वाचली तर लागू होते असं म्हटलं. तरीही शेतकरी जिंकला, कारण तिथल्या कायद्यानुसार अट वाजवी आहे का हे तपासता येत होतं. आणि तिथे निर्णायक ठरला तो पुरावा: बियाणं विकणारे स्वतःच अशा प्रकरणांत अटीवर बोट न ठेवता तडजोड करतात, चूक पुरवठादाराच्या बाजूच्या निष्काळजीपणाची होती, आणि किंमत फारशी न वाढवता विक्रेत्याला विमा उतरवता आला असता. म्हणजे ‘मी अट वाचली नाही’ या रडगाण्यावर खटला जिंकला गेला नाही. अट अवाजवी का, हे तथ्यांनी दाखवल्यावर जिंकला गेला.

आपल्या मिरचीवाल्याला यातून काय घ्यायचं? डीएचएलच्या पावतीवर सही होती. बियाण्याच्या पाकिटावरची अट शेतकऱ्याला बहुधा पैसे दिल्यावर, पाकीट हातात आल्यावर दिसते. अ‍ॅपच्या अटींना मात्र त्यानं ‘मान्य’ दाबलेलं असतं. म्हणून बियाणे कंपनीविरुद्ध ‘ही अट खरेदीच्या वेळी करारात नव्हती’ असं म्हणता येतं, अ‍ॅपविरुद्ध तेच वाक्य लंगडं पडतं. एकच वाक्य दोघांविरुद्ध लिहून टाकलं की दुबळ्या बाजूची कमजोरी भक्कम बाजूलाही चिकटते. शिवाय ग्राहक संरक्षण कायद्याचं 39 वं कलम नुकसानभरपाईची सांगड निष्काळजीपणाशी घालतं. त्यामुळे कंपनीनं लॉटची शुद्धता तपासण्यात काय हलगर्जी केली, तोच लॉट इतर कुठे बाद झाला का, हे नेमकं लिहावं लागतं. ‘निकृष्ट बियाणं देऊन आमचं वाटोळं केलं’ यातून निष्काळजीपणा दिसत नाही, राग दिसतो.

आता नमुन्यातली तीन वाक्यं एकेक करून पाहू.

‘फसवणूक झाली.’ फसवणूक म्हटलं की हेतू सिद्ध करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये सिटी युनियन बँकेच्या प्रकरणात सांगितलं आहे की ग्राहक आयोगापुढची कार्यवाही संक्षिप्त स्वरूपाची असते, आणि अतिशय वादग्रस्त तथ्यं किंवा फसवणुकीसारखे गुन्हेगारी स्वरूपाचे आरोप तिथे निकाली काढता येत नाहीत. म्हणजे आपणच आपल्या अर्जात तो शब्द घालून विरुद्ध पक्षाला म्हणायला जागा देतो की हे दिवाणी न्यायालयात न्या. भेसळीचा पंचनामा हातात असताना, लॉट क्रमांक ठाऊक असताना फसवणुकीची गरजच काय? सदोष माल, सेवेतली त्रुटी आणि निष्काळजीपणा एवढं पुरतं.

‘हा करार अन्यायकारक आहे, रद्द करा.’ 2019 च्या कायद्यानं ‘अन्यायकारक करार’ ही संकल्पना आणली, तिचा सगळीकडे बोलबाला झाला. पण हे फार थोड्यांनी वाचलं आहे की अन्यायकारक कराराविरुद्धची तक्रार ऐकण्याचा अधिकार कायद्यानं राज्य आयोगाला आणि राष्ट्रीय आयोगाला नाव घेऊन दिला आहे. जिल्हा आयोगाच्या अधिकाराच्या कलमात तो उल्लेख नाही. 9,600 रुपयांच्या बियाण्याची तक्रार जालन्याच्या जिल्हा आयोगात आरामात बसते. अधिकारक्षेत्र आता मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, मोजलेल्या किमतीवर ठरतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्कही नाही. शेतकरी जिथे राहतो किंवा काम करतो त्याच जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा आहे. एवढं सगळं अनुकूल असताना मुख्य मागणीच ‘करार अन्यायकारक ठरवा’ अशी लिहिली, तर कंपनीचा वकील पहिल्या तारखेला उभा राहून म्हणतो, हे इथे चालणारच नाही. भोकरदनहून जालना पस्तीस-चाळीस मैलांच्या आत आहे. राज्य आयोगासमोर जायचं तर खर्चाचं गणितच बदलतं.

मग एकतर्फी अटीला उत्तरच द्यायचं नाही का? द्यायचं, पण योग्य जागी. सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये पायोनियर अर्बन लँडच्या प्रकरणात, बिल्डरच्या एकतर्फी करारातल्या कलमांनी घर घेणाऱ्याला बांधता येत नाही, अशी कलमं अनुचित व्यापारी प्रथा आहेत, असं म्हटलं. हे वाक्य मागणीच्या परिच्छेदात नको. विरुद्ध पक्ष मर्यादेच्या अटीवर विसंबेल हे गृहीत धरून, त्याचं उत्तर म्हणून यावं. अटीचा मजकूर शब्दशः उद्धृत करावा, ती एकतर्फी का ते सांगावं आणि पुढे जावं. असं करायचं तर अट वाचावीच लागते.

‘पाच लाख द्या.’ हा आकडा कुठून आला, याचं उत्तर नमुन्यात नसतं. इथे आपल्या उदाहरणाचं गणित करून बघू. दोन एकरांत दोनशे क्विंटल हिरवी मिरची धरली, तीस टक्के झाडं वाया, म्हणजे साठ क्विंटल गेले. सरासरी भाव क्विंटलला तीन हजार धरला तर 1,80,000 रुपये. पण जी मिरची तोडलीच नाही तिची तोडणी मजुरी वाचली. किलोला आठ रुपये धरले तर 48,000. उरले 1,32,000. हे निव्वळ उत्पन्नाचं नुकसान. यात पुन्हा बियाण्याची किंमत आणि खत-फवारणीचा खर्च जोडला तर तेच पैसे दोनदा मागितल्यासारखं होतं, कारण तो खर्च करूनच उत्पन्न मिळणार होतं.

आता अ‍ॅपच्या अटीकडे पाहा. ती ‘नफ्याचं नुकसान’ वगळते. शेतकऱ्यानं अर्जात ‘माझा एक लाख बत्तीस हजारांचा नफा बुडाला’ असं लिहिलं, तर त्यानं अटीचाच शब्द आपल्या तोंडी घेतला. लिहायचं ते असं: सदोष बियाण्याचा थेट आणि स्वाभाविक परिणाम म्हणून पिकाचं नुकसान. करार कायद्याच्या 73 व्या कलमात भरपाईची कसोटी हीच आहे: व्यवहाराच्या स्वाभाविक ओघात जे नुकसान होतं ते मिळतं, दूरचं मिळत नाही. मिरचीचं बी पेरल्यावर मिरची येणं याहून स्वाभाविक ओघ कोणता? आणि आयोगानं अट मानलीच, तर पर्यायी मागणीही अर्जात हवी. दोन एकरांवर बियाण्यासह एकूण 1,10,000 रुपये खर्च झाला असेल, तर वाया गेलेल्या तीस टक्क्यांचा खर्च 33,000. हा नफा नाही, खिशातून गेलेला पैसा आहे. एक मुख्य मागणी, एक पर्यायी आणि तळाला 9,600 रुपयांची मर्यादा, अशा तीन पायऱ्या आयोगासमोर आल्या की अट मान्य झाली तरी अंग टाकायला जागा राहते. नमुना-अर्जात फक्त पाच लाख आणि शून्य असे दोनच पर्याय उरतात.

इथे कुणी म्हणेल, आयोग शब्दांत अडकत नाही, आशय बघतो. बरोबर आहे, आणि कित्येकदा तो बघतोही. पण 2019 च्या कायद्यातल्या ‘उत्पाद दायित्व’ या नव्या प्रकरणाचं काय? नवा शब्द आहे म्हणून हल्ली तो अर्जात घालायची फॅशन आली आहे. त्या प्रकरणात ‘हानी’ची जी व्याख्या आहे तिच्यातून व्यापारी किंवा आर्थिक नुकसान, थेट असो वा परिणामस्वरूप, कायद्यानंच वगळलेलं आहे. पीक बुडाल्याचा दावा त्या शीर्षकाखाली टाकला की कंपनीला आपली अट दाखवायचीही गरज उरत नाही, कायद्याची व्याख्याच तिच्या कामी येते. तिथे आशय बघणारा आयोगही हात वर करील.

लवादाच्या अटीबद्दल तर दोन्हीकडून चुकीचं बोललं जातं. घाबरणारे म्हणतात, बेंगळुरूला जावं लागणार. नमुनेवाले म्हणतात, लवादाचा विचारच नको. राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात आंध्रातल्या शेतकऱ्यांविरुद्ध निगमानं लवादाचं कलम पुढे केलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं 16 जानेवारी 2012 ला सांगितलं की ग्राहक कायद्याचा उपाय जादा आहे, लवाद हा ऐच्छिक मार्ग आहे. शेतकरी आधी ग्राहक मंचाकडे गेला तर त्याला लवादाकडे ढकलता येणार नाही. पण त्याच निकालात हेही आहे की शेतकऱ्यानं आधी लवाद निवडला तर नंतर ग्राहक मंचाकडे येता येणार नाही असं म्हणता येईल. गोम इथे आहे. अ‍ॅपची अट न वाचता एखादा हुशार पुतण्या नोटिशीत लिहून टाकतो, ‘पंधरा दिवसांत पैसे न दिल्यास अटींतील लवाद कलमानुसार कारवाई करू’. धमकी जोरदार वाटते. प्रत्यक्षात तो आपल्या हातातला पर्याय कंपनीच्या हाती देतो. हे वाक्य नोटिशीत येता कामा नये, आणि ते का येऊ नये हे अट वाचल्यावरच कळतं.

त्याच निकालातली आणखी एक गोष्ट शेतकऱ्याच्या फार उपयोगाची आहे. निगमाचं म्हणणं होतं की बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत गेला नाही, मग दोष सिद्ध कसा? न्यायालय म्हणालं, शेतकरी सगळं बी पेरतो, तपासणीसाठी मागे ठेवत नाही. त्याच लॉटचं बियाणं तपासणीला पाठवण्याची विनंती कंपनीला करता आली असती. म्हणून अर्जात पाकिटावरचा लॉट क्रमांक, चाचणीची तारीख आणि वैधता लिहावी, आणि त्याच लॉटचे राखीव नमुने कंपनीनं हजर करावेत अशी मागणी करावी. रिकामं पाकीट फेकून देऊ नये हे सांगायला नकोच.

सात दिवसांच्या अटीचंही तसंच. भेसळ कळते ती फळ लागल्यावर, पाकीट मिळाल्याच्या सातव्या दिवशी नव्हे. शिवाय हक्क बजावण्याची मुदत करारानं कमी करणं करार कायद्याच्या 28 व्या कलमानुसार चालत नाही, आणि ग्राहक तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात. तरी ती अट वाचून ठेवायची, कारण कंपनी तिचा वापर वेगळ्या तऱ्हेनं करते: ‘सात दिवसांत तक्रार नाही, म्हणजे माल ठीक होता.’ म्हणून भेसळ प्रथम कधी दिसली ती तारीख, आणि त्याआधी ती दिसणं शक्य का नव्हतं, हे पहिल्याच नोटिशीत यावं. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार अ‍ॅपच्या तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. ती पोच जपून ठेवायची. पण चॅटमध्ये ‘पैसे परत घ्या’ असं बटण आलं की ते न वाचता दाबू नये. खाली बारीक अक्षरांत ‘ही रक्कम सर्व दाव्यांच्या पूर्ण व अंतिम समाधानार्थ’ असं असतं. लाखाच्या वरचा दावा 9,600 रुपयांना संपवण्याचा हा सर्वात सोपा मार्ग आहे, आणि त्यासाठी कंपनीला एकही वकील लागत नाही.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. चौदा पानी इंग्रजी अटी शेतकऱ्यानं वाचायच्या कशा? सगळ्या वाचायची गरज नाही. चारच जागा शोधायच्या: दायित्वाची मर्यादा, वगळलेलं नुकसान, तक्रारीची मुदत, वाद कुठे सोडवायचा. ते चार परिच्छेद वकिलाकडून किंवा इंग्रजी जाणणाऱ्या कुणाकडून अर्ध्या तासात समजून घेता येतात. मराठीत अटी द्याव्यात ही मागणी रास्त आहे आणि ती केलीच पाहिजे. पण ती मान्य होईपर्यंत न वाचता लिहीत राहणं हा निषेधाचा मार्ग नाही.

आणि हे सारं ग्राहकाला लागू आहे, धंदेवाल्याला नाही. उपजीविकेसाठी स्वतः राबणारा शेतकरी ग्राहक ठरतो. जालना औद्योगिक वसाहतीतल्या स्टील कारखान्यानं हिशेबाचं सॉफ्टवेअर घेतलं आणि ते बिघडून बिलं अडली, तर तो सहसा ग्राहक ठरत नाही. त्याच्या करारातला लवाद टाळता येत नाही. त्यानं आधी लवाद कुणी नेमायचा हे बघावं, कारण एका पक्षानं एकतर्फी लवाद नेमणं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर 2024 मध्ये अमान्य केलं आहे. मग दायित्वाच्या मर्यादेला अपवाद कोणते ठेवलेत, घोर निष्काळजीपणा त्यात आहे का, हे शोधून नोटीस त्या अपवादाच्या भाषेत लिहावी. शेतकऱ्याचा नमुना-अर्ज त्यानं उचलला तर पहिल्याच टप्प्यावर अर्ज बाद होईल.

खरेदीच्या दिवशी ज्या अटी होत्या त्याच लागू होतात, आणि अ‍ॅप त्या मधूनच बदलतं. त्यामुळे वाद उभा राहिल्यावर दिसणाऱ्या अटी कदाचित नव्या असतात. ऑर्डर देतानाच तो मजकूर, त्यावरची ‘शेवटचा बदल’ची तारीख आणि बिल, तिन्हींचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावेत. ते राहून गेलं असेल तर पहिल्या नोटिशीतच खरेदीच्या तारखेला लागू असलेल्या अटींची प्रत मागावी. दिली तर आपण ती वाचू. दिली नाही तर ज्या अटीवर कंपनी विसंबते ती अट खरेदीच्या वेळी होती हे सिद्ध करण्याचा भार तिच्यावर येतो, असं म्हणायला आपण मोकळे असतो.